बॅकपास: कीपरने चेंडू हातात कधी घ्यायचा आणि कधी नाही?

डावखुरा_पाच

रविवारच्या मॅचवरून आमच्या टीममध्ये अजून भांडणं चालू आहेत, म्हणून इथे विचारतोय. मी स्टॉपर खेळतो.

स्कोअर १-१, शेवटची दहाएक मिनिटं. त्यांचा विंगर माझ्या बाजूने बॉक्समध्ये घुसला. मी घसरत टॅकल मारला, बुटाचं टोक चेंडूला लागलं, चेंडू त्याच्या पायातून सुटला आणि घरंगळत आमच्या कीपरकडे गेला. कीपरने वाकून उचलला. लगेच शिट्टी, रेफ्रीचा हात वर. बॅकपास म्हणे! गोलपासून सात-आठ मीटरवर इनडायरेक्ट फ्री किक मिळाली, त्यांनी त्यावर गोल मारला, आम्ही हरलो.

आता गंमत अशी, की पहिल्या हाफमध्ये मी खराखुरा बॅकपास दिला होता. अगदी बघून, साइडफूटने. कीपर लांब मारायला गेला, चेंडू नडगीला लागून सरळ वर उडाला. त्यांचा स्ट्रायकर धावत येत होता, म्हणून कीपरने तो हवेतच पकडला. समोरची सगळी टीम ओरडली, पण रेफ्रीने "खेळा" म्हणून हात हलवला.

म्हणजे जिथे पास होता तिथे काही नाही आणि जिथे टॅकल होता तिथे फ्री किक. हे उलटं झालं ना? जाणकारांनी सांगा.

---

मिडफिल्डची_माशी

यात जाणकार कशाला हवेत. आपल्या माणसाच्या पायाने आलेला चेंडू कीपरने हातात घ्यायचा नाही, विषय संपला. गुडघ्याखालचं सगळं पायातच धरतात. टॅकल तू पायानेच मारलास ना? मग फ्री किक बरोबर.

दुसऱ्या प्रसंगात कीपरने आधी पायाने खेळला. एकदा पाय लावला की बॅकपास तिथेच संपतो, त्यानंतर हातात घेतला तरी चालतं. तेही बरोबर. रेफ्री दोन्ही वेळा योग्य होता, तुम्ही गोल खाल्लात ते तुमचं नशीब.

---

निवांत

कीपरने चेंडू जास्त वेळ हातात ठेवला असेल. सहा सेकंदांत सोडावा लागतो. आमच्याकडेही एकदा त्यासाठीच शिट्टी वाजली होती.

---

डावखुरा_पाच

@निवांत, नाही हो, उचलल्या उचलल्या शिट्टी वाजली. सेकंद मोजायला वेळच मिळाला नाही.

---

जुनी_शिट्टी

बरीच वर्षं शिट्टी वाजवली आहे, आता गुडघ्यांमुळे बंद. मी तिथे नव्हतो, त्यामुळे तू लिहिलं आहेस तेवढ्यावरच बोलतो.

निवांतराव, तो नियम वेगळा आणि आता बदललाही आहे. २०२५-२६ च्या नियमावलीपासून कीपरला आठ सेकंद मिळतात, आणि त्यापुढे धरून ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांवर मोजून दाखवतो. इथे त्याचा संबंध नाही.

आता बॅकपास. नियमात तीन गोष्टी एकत्र लागतात. चेंडू आपल्याच खेळाडूने पायाने मारलेला हवा, तो मुद्दाम कीपरकडे मारलेला हवा, आणि कीपरने आपल्या बॉक्समध्ये त्याला हात लावलेला हवा. यातली एक जरी निसटली तरी शिट्टी नाही. आणि माशी, पाय म्हणजे गुडघ्याखालचं सगळं नव्हे. पाऊल आणि घोटा, बस्स. नडगीने, गुडघ्याने, मांडीने, छातीने किंवा डोक्याने दिलेला चेंडू कीपर खुशाल उचलू शकतो.

डावखुऱ्याच्या टॅकलमध्ये पाऊल लागलं हे खरं. पण तू काय करायला गेला होतास? विंगरच्या पायातून चेंडू काढायला. पुढे तो कुठे जाईल हे तुझ्या हातात नव्हतं. टॅकल मुद्दाम होता, पण कीपरकडे देणं मुद्दाम नव्हतं. क्लिअर करायला गेलेल्या डिफेंडरचा फटका चुकतो आणि चेंडू उलटा कीपरकडे जातो, तिथेही हेच. तुझ्या वर्णनावरून मी शिट्टी वाजवली नसती.

रेफ्रीला माणसाच्या मनातलं दिसत नाही, तो शरीराकडे बघतो. डिफेंडरचा चेंडूवर ताबा होता का? त्याने कीपरकडे नजर टाकली का? पाऊल उघडून आतल्या बाजूने ढकलला की टोकाने खुपसला? चेंडूचा वेग कीपरला झेपेल असा जोखलेला होता का? घसरत पडलेल्या माणसाच्या बुटाच्या टोकाने सुटलेल्या चेंडूत यातलं सहसा काही नसतं. मात्र एक शक्यता आहे. तू चेंडूच्या पलीकडे पाय नेऊन तो आत ओढलास का? घसरता घसरताही पाऊल वळवून कीपरकडे चेंडू देता येतो, चांगले डिफेंडर देतातही. मागून बघणाऱ्या रेफ्रीला साधा टॅकलही तसा दिसू शकतो.

---

डावखुरा_पाच

ओढला वगैरे नाही काका. उजव्या पायाने मारला, आणि मी डावखुरा आहे. उजव्या पायाने मला उभं राहूनही नीट पास देता येत नाही.

---

जुनी_शिट्टी

ही साक्ष रेफ्रीपुढे चालली असती असं वाटत नाही. :)

दुसऱ्या प्रसंगाबद्दल. रेफ्री बरोबर होता, पण माशीने दिलेल्या कारणासाठी नव्हे. कीपरने पाय लावला की बॅकपास संपतो हा समज मैदानावर सगळीकडे आहे आणि तो चूक आहे. मुद्दाम दिलेला पास कीपरने पायाने थांबवला, दोन पावलं सोबत नेला, स्ट्रायकर अंगावर आला म्हणून उचलला, तर तो गुन्हाच. बॉक्सबाहेर पास घेऊन चेंडू खेळवत आत आणला आणि मग उचलला, तरीही गुन्हा. मध्ये कितीही वेळ गेला तरी तो चेंडू शेवटी आपल्याच माणसाने पायाने दिलेला असतो.

सूट आहे ती २०१९ मध्ये आलेली. कीपरने चेंडू खेळात सोडण्यासाठी स्पष्टपणे फटका मारला, किंवा मारण्याचा स्पष्ट प्रयत्न केला, आणि तो फसला, तर त्यानंतर हात लावता येतो. तुमच्या कीपरचा लांब फटका नडगीवरून वर उडाला, हे त्याचं अगदी नमुनेदार उदाहरण. त्याआधीच्या काळात यालाच फ्री किक देत असत. समोरची टीम ओरडली ती बहुतेक जुन्या सवयीने.

---

मिडफिल्डची_माशी

असं असेल तर कीपर उगाच हवेत पाय फिरवेल आणि चेंडू उचलेल. कोण सिद्ध करणार?

---

जुनी_शिट्टी

म्हणूनच "स्पष्टपणे" हा शब्द घातला आहे. खरा फटका मारणाऱ्याचा टेकलेला पाय घट्ट रोवलेला असतो, वरचं अंग पुढे येतं, पाय पूर्ण फिरतो. नाटक करणाऱ्याचे हात आधीच खाली जायला लागलेले असतात. आणि नाटकासाठी चेंडू पायाखालून जाऊ द्यायचा म्हणजे मागे गोल उघडा आहे, हे कीपरला माहीत असतं. माझ्यासमोर कोणी हे केलेलं मला आठवत नाही. अवघड जातात ते अर्धवट प्रकार: कीपर पहिल्या स्पर्शाला चेंडू थांबवायला जातो, तो उसळतो आणि मग तो पकडतो. थांबवणं म्हणजे खेळात सोडणं नव्हे, म्हणून तिथे शिट्टी वाजायला हवी. पण थांबवत होता की मारत होता हे दरवेळी लख्ख दिसेलच असं नाही.

---

हाफटाइम

मुद्दाम की नाही, या वादाचा माझ्या मते सगळ्यात गाजलेला सामना म्हणजे पोर्तो विरुद्ध आर्सेनल, चॅम्पियन्स लीग, फेब्रुवारी २०१०. स्कोअर १-१. दुसरा हाफ नुकताच सुरू झालेला. बॉक्समध्ये फाल्काओ मागे लागलेला असताना सोल कॅम्पबेलने चेंडूला पाय लावला, चेंडू फाबिआन्स्कीकडे गेला आणि त्याने तो उचलला. रेफ्री मार्टिन हान्सन यांनी इनडायरेक्ट फ्री किक दिली.

पुढचं बघण्यासारखं आहे. फाबिआन्स्कीने चेंडू निमूटपणे रेफ्रीच्या हातात दिला. रेफ्रीकडून तो रुबेन मिकाएलकडे गेला. आर्सेनलवाले निर्णयावर कुरकुर करण्यात गुंतलेले, गोल रिकामा. मिकाएलने चेंडू खाली ठेवून फाल्काओकडे सरकवला आणि फाल्काओने तो आत ढकलला. पोर्तो २-१ ने जिंकलं. वेंगर नंतर भयंकर चिडले होते. (परतीच्या सामन्यात आर्सेनलने पाच घातले, ती गोष्ट वेगळी.)

मला स्वतःला तो पास मुद्दाम वाटतो. कॅम्पबेलचा पाय चेंडूला चुकून लागलेला नाही, त्याला तो फाल्काओपासून दूर कीपरकडेच न्यायचा होता. माझ्या मित्राला तो निव्वळ झटापटीतला स्पर्श वाटतो. आम्ही कित्येकदा क्लिप बघितली, दोघेही जागचे हललो नाही.

---

डावखुरा_पाच

आमच्यावर गोल असाच झाला! कीपर चेंडू घेऊन रेफ्रीशी हुज्जत घालत होता. त्यांच्या एकाने चेंडू मागून घेतला, खाली ठेवला, बाजूला दिला, गोल. भिंत लावायला वेळ द्यायला नको का?

---

जुनी_शिट्टी

नको. बचाव करणाऱ्यांना भिंत लावून देणं हे रेफ्रीचं काम नाही. हल्ला करणाऱ्यांनी अंतर मोजून मागितलं, किंवा रेफ्रीनेच शिट्टीची वाट बघायला सांगितलं, तरच थांबायचं असतं. नाहीतर ते लगेच घेऊ शकतात. उलट तुम्ही चेंडू अडवून धरलात तर खेळाला उशीर केला म्हणून पिवळं कार्ड.

अशा वेळी कीपरने चेंडू खाली ठेवायचा आणि तडक गोलरेषेवर पळायचं. बाकीच्यांनीही तेच करायचं, वाद कॅप्टनवर सोडून. कारण इथे अंतराचं गणित वेगळं असतं. एरवी ९.१५ मीटर लांब उभं राहावं लागतं, पण चेंडू गोलच्या इतका जवळ असला तर गोलपोस्टांच्या मधल्या रेषेवर उभं राहायची परवानगी आहे. सात मीटरवर फ्री किक असेल तर अकराच्या अकरा जण रेषेवर उभे राहू शकतात. कीपरने अगदी गोलच्या तोंडाशी हात लावला तरी चेंडू छोट्या बॉक्सच्या पुढच्या रेषेवर आणतात, म्हणजे साडेपाच मीटरपेक्षा जवळून ही किक होतच नाही.

आणि समोरच्याला ती थेट मारता येत नाही, आधी दुसऱ्या कोणाचा तरी स्पर्श लागतो. पहिल्याने चेंडू हलवला की रेषेवरचे सगळे त्याच्यावर धावतात. अकरा माणसं रेषेवर असली तर एवढ्या जवळूनही गोल होणं कठीण. तुमच्यावर झाला तो रेषा रिकामी होती म्हणून.

---

निवांत

थेट गोलमध्ये मारला तर?

---

जुनी_शिट्टी

कोणालाही न लागता आत गेला तर गोल नाही, बचाव करणाऱ्यांना गोल किक. म्हणून रेफ्री हात वर ठेवतो, ती इनडायरेक्टची खूण आहे. पण चेंडू कीपरच्या बोटाला पुसटसा जरी लागून गेला तरी गोल. त्यामुळे थेट येणारा चेंडू कीपरने सोडून द्यायला हवा. सांगायला सोपं आहे. पाच-सहा मीटरवरून अंगावर येणारा चेंडू सोडून देणारा कीपर मला तरी भेटला नाही.

---

गोलपोस्टमागे

माझी मुलगी अंडर-थर्टीनमध्ये कीपर आहे, म्हणून हा धागा नीट वाचते आहे. तिच्याबाबतीत वेगळंच झालं. तिच्याच टीममधल्या मुलीने थ्रो-इन थेट तिच्याकडे टाकला, हिने झेलला आणि फ्री किक गेली. ती रडवेली झाली होती. चेंडू हाताने टाकला होता, पायाचा संबंधच नव्हता. मग हा बॅकपास कसा?

---

हाफटाइम

ताई, थ्रो-इन हे त्याच नियमातलं दुसरं कलम आहे, १९९७ मध्ये घातलेलं. आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९९० च्या वर्ल्ड कपपर्यंत आघाडीवर असलेली टीम चेंडू मागे द्यायची, कीपर उचलायचा, पुन्हा डिफेंडरला द्यायचा, तो पुन्हा मागे. त्या स्पर्धेतला आयर्लंड-इजिप्त सामना काढून बघा, झोप येईल. म्हणून १९९२ मध्ये पायाने दिलेला पास हातात घ्यायला बंदी आली. युरो १९९२ जुन्या नियमाने झाला, डेन्मार्कने श्मायकेलकडे चेंडू देत देत वेळ काढला तो तिथेच, आणि त्याच उन्हाळ्यातलं बार्सिलोना ऑलिंपिक नव्या नियमाने झालं. मग थ्रो-इन ही पळवाट उरली होती, ती पुढे बुजवली.

थ्रो-इनमुळे झालेली सगळ्यात मोठी फजिती म्हणजे अॅस्टन व्हिलाचा कीपर एन्केलमन, सप्टेंबर २००२, समोर बर्मिंगहॅम सिटी. मेलबर्गने त्याच्याकडे थ्रो-इन टाकला. हात लावायचा नाही म्हणून तो पायाने घ्यायला गेला आणि चेंडू त्याच्या पायाखालून थेट गोलमध्ये.

---

मिडफिल्डची_माशी

तो गोल चुकीचा होता! आपल्याच गोलमध्ये थेट थ्रो-इन गेला तर कॉर्नर असतो.

---

हाफटाइम

बरोबर, कोणाचाही स्पर्श नसेल तर कॉर्नर. एन्केलमनचा पाय लागला असं रेफ्रीने ठरवलं, म्हणून गोल. खरंच लागला का, यावर लोक अजून भांडतात.

---

जुनी_शिट्टी

ताई, मुलीला एवढंच सांगा: थ्रो-इन थेट आला तर पाय, मध्ये दुसऱ्या कोणी खेळला असेल तर आधी तो कसा खेळला ते बघ. मैत्रिणीने डोक्याने दिला तर हात चालतो, पायाने दिला तर नाही, समोरच्या टीमच्या मुलीकडून आला तर बिनधास्त हात. आणि थ्रो टाकणाऱ्या मुलीलाही दोन शब्द सांगा, अर्धी जबाबदारी तिची आहे.

---

डावखुरा_पाच

काका, एक शंका. समजा मी दिलेला बॅकपास चुकला आणि चेंडू आपल्याच गोलमध्ये निघाला. कीपर पायाने पोचू शकत नाही, झेपावून हाताने अडवू शकतो. अडवला तर लाल कार्ड का?

---

जुनी_शिट्टी

नाही. याला मी या नियमातला सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला भाग म्हणेन. आपल्या बॉक्समध्ये कीपरने हात लावायची परवानगी नसताना हात लावला, तर इनडायरेक्ट फ्री किक, पण कार्ड नाही. पिवळंही नाही. पेनल्टी तर नाहीच. नक्की झालेला गोल अडवला तरी हेच. म्हणजे कीपरपुढे दोन पर्याय आहेत: गोल खाणं, किंवा हाताने अडवून फ्री किक देणं आणि अकरा जण रेषेवर उभे करणं. कोणता स्वस्त पडतो हे सांगायला नको. तरी मी कीपर हात आखडताना पाहिले आहेत, कारण त्यांच्या डोक्यात "बॅकपासला हात नाही" एवढंच पक्कं बसलेलं असतं.

याला एक अपवाद आहे. कीपरने स्वतः गोल किक किंवा फ्री किक घेतली आणि दुसऱ्या कोणाचा स्पर्श व्हायच्या आत तो पुन्हा तिला खेळला, आणि त्यामुळे समोरच्याची गोलची नक्की संधी गेली, तर मात्र लाल कार्ड. तो दोनदा खेळण्याचा गुन्हा आहे, बॅकपासचा नाही.

---

निवांत

हे सगळं मोठ्या मॅचमध्ये व्हीएआरवर दिसत असेल.

---

हाफटाइम

दिसतं, पण व्हीएआर यात पडत नाही. बॅकपास होता की नव्हता, फ्री किक द्यायला हवी होती की नाही, हे त्याच्या यादीतच नाही. मैदानावरचा रेफ्री म्हणेल ते.

---

कडेकडेने

काकांनी डोकं आणि छाती चालते म्हटलंय, त्याला पुस्ती. मुद्दाम युक्ती केली तर चालत नाही. म्हणजे चेंडू आरामात पायात आहे, पायाने वर उडवला आणि स्वतःच डोक्याने कीपरकडे दिला, किंवा जमिनीवरच्या चेंडूवर आडवं होऊन डोकं लावलं, तर पिवळं कार्ड. कीपरने हात लावो वा न लावो. समोरून आलेला क्रॉस डोक्याने मागे दिला तर तो साधा खेळ. २०१९ ला गोल किक बॉक्सच्या आतच घेता यायला लागली, तेव्हा कीपरने चेंडू चिप करायचा, सहकाऱ्याने डोक्याने परत द्यायचा आणि कीपरने झेलायचा, असंही करून झालं. आता त्यात युक्ती सुरू करणारा कीपर असेल तर कार्ड त्याला.

पण माझा प्रश्न वेगळा. समोरच्याने लांब मारलेला चेंडू हळूहळू आपल्या बॉक्समध्ये येतोय. डिफेंडर त्यावर तळवा ठेवून तो थांबवतो आणि बाजूला होतो. कीपर येऊन उचलतो. चेंडू कीपरकडे "मारला" का? तो तर जागचा हललाही नाही.

---

मिडफिल्डची_माशी

अजिबात नाही. थांबवला, मारला नाही. उचलू दे.

---

जुनी_शिट्टी

नियमावलीत किक म्हणजे पाऊल किंवा घोट्याने चेंडूला केलेला स्पर्श, जोर किती ते लिहिलेलं नाही. आणि "कीपरकडे" म्हणजे नेमका त्याच्या अंगावर असंही नाही, त्याला घेता येईल अशा जागी ठेवला तरी पुरतं. थांबवून, कीपरला हाक मारून बाजूला झाला तर मी शिट्टी वाजवीन.

---

कडेकडेने

आणि हाक मारली नाही, नुसता थांबवला आणि तेवढ्यात कीपर धावत आला तर? तेव्हा डिफेंडरला तो स्वतः पुढे न्यायचा असेल.

---

जुनी_शिट्टी

मग मी आधी बघीन डिफेंडरचं तोंड कुठे आहे. तो चेंडूवरच उभा असेल आणि कीपरने त्याच्या पायातून उचलला, तर माझा हात शिट्टीकडे जाणार नाही. माझ्याबरोबर लाइन सांभाळणारा एक सहकारी नेमकं उलटं म्हणायचा: पाऊल लागलं, कीपरने उचललं, संपलं. आमचं यावर कधीच एकमत झालं नाही.

---

डावखुरा_पाच

आमच्या कीपरला धागा वाचायला दिला. त्याचं म्हणणं, टॅकलनंतर मीच "घे, घे" म्हणून ओरडलो होतो, म्हणून त्याने उचलला. रेफ्रीने तेच ऐकलं असेल का?

---

जुनी_शिट्टी

टॅकलच्या आधी ओरडलास की नंतर?

---

डावखुरा_पाच

तो म्हणतो आधी. मी म्हणतो नंतर.